कॉलमच्या पायाशी दर वेळी खडी उघडी पडते: कारण कसं ओळखायचं आणि तपासणीचा तक्ता कसा लावायचा

शटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी वीतभर उंचीत नुसती खडी दिसते, मध्ये सिमेंटचा मागमूस नसतो, बोट घातलं तर आत जातं. साइटवर याला हनीकोंब म्हणतात. मिस्त्री लगेच सिमेंट कालवून थापीने ते बुजवतो आणि "वरून प्लास्टर येणारच आहे साहेब" म्हणतो. पुढच्या मजल्यावर पुन्हा तेच. तुमच्या बांधकामावर हे दोनदा झालं असेल, तर तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून काय मोजायचं, ते खाली लिहितो आहे. मी छोट्या बंगल्यांच्या कामांवर देखरेख करतो, आणि हे सगळं कराडजवळच्या एका तळमजला-अधिक-एक घरावर आम्ही चुकत चुकत शिकलो.

त्या घराला 12 कॉलम. माप 230 बाय 450, सळ्या 16 मि.मी.च्या सहा, रिंगा 8 मि.मी.च्या, काँक्रीट एम 20. प्लिंथखालचे कॉलम मी काम हातात घेण्याआधीच भरावात गाडले गेले होते, त्यांचं काय झालं होतं ते बघता आलं नाही. प्लिंथवरचे 12 कॉलम दोन दिवसांत भरले, रोज सहा. पहिल्या दिवसाच्या सहांपैकी दोन तळाशी फसले. मिस्त्रींचं निदान तयार होतं: "माल घट्ट होता, म्हणून खाली सरकला नाही. उद्या पाणी थोडं वाढवतो." दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं आणि सहांपैकी चार फसले.

विशेष म्हणजे या कामाची गुणवत्ता योजना होती. ठेकेदाराने करारासोबत पाच-सहा पानं जोडली होती. "काँक्रीट योग्य प्रतीचे असेल", "व्हायब्रेटरचा पुरेसा वापर केला जाईल", "शटरिंग घट्ट असेल". यातलं एकही वाक्य हातात टेप घेऊन तपासता येत नाही. पुरेसा म्हणजे किती सेकंद? घट्ट म्हणजे किती फट चालेल? ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून सही करणाऱ्याने डोळे झाकून सही केली, आणि तो सही करणारा मीच होतो.

शिवाय क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, रिपोर्ट उत्तम होते. 28 दिवसांचे क्यूब चौरस मि.मी.ला 20 न्यूटनच्या चांगले वर फुटले. एम 20 चा 150 मि.मी.चा क्यूब मशीनवर 450 किलोन्यूटनला टिकला की 20 भरतात, आमचे त्याच्या पुढे गेले होते. पण क्यूब भरतो तो उघड्या साच्यात, तिथे सळई नसते, फट नसते, आणि ठोकायला माणूस समोर बसलेला असतो. क्यूब सांगतो की मिक्सरमधून आलेला माल कसा होता. तो माल कॉलममध्ये नीट बसला की नाही, हे क्यूबला कळायचा मार्गच नाही. "रिपोर्ट पास आहे" म्हणून हनीकोंबचा विषय मिटवणारा कोणी भेटला तर हे त्याला ऐकवा.

आधी डाग वाचा

दुरुस्तीची घाई करू नका. शटर काढल्यावर तासाभरात, गोणपाट गुंडाळण्याआधी आणि कोणाची थापी लागण्याआधी, प्रत्येक कॉलमचा चारही बाजूंनी टेप लावून फोटो घ्या. हनीकोंब कुठे आणि कसा आहे, यावरून कारण बऱ्यापैकी कळतं.

खडी कोपऱ्याच्या उभ्या रेषेत किंवा तळाच्या कडेला उघडी असेल, आणि बाहेर जमिनीवर सिमेंटच्या पाण्याची वाळलेली जीभ पसरलेली असेल, तर शटरला फट होती. स्लरी बाहेर गेली आणि खडी आत राहिली. तळाला चारही बाजूंनी खडी आहे, पण बाहेर जीभ नाही, तर पहिला माल उंचावरून पडून फुटला: जड खडी आधी खाली पोचली, रस सळ्यांना आणि शटरला चिकटून वर राहिला, आणि व्हायब्रेटरची सुई तिथपर्यंत गेलीच नाही. मधेच आडवा पट्टा दिसला तर दोन थरांत वेळ गेला, किंवा एकदम जास्त माल ओतला. एकाच बाजूला सळईची किंवा रिंगची रेघ उमटली असेल तर पिंजरा शटरला टेकला होता, म्हणजे सळई शटरपासून दूर ठेवणारे कव्हर ब्लॉक नव्हते किंवा पडले.

आमच्या सहा फसलेल्या कॉलमांपैकी चारांच्या पायाशी जीभ होती. त्यातले तीन दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे पाणी वाढवलेले. आता मिस्त्रींचं निदान उलटं का पडलं ते समजलं. फट तशीच ठेवून माल पातळ केला की स्लरी आणखी सोपेपणाने पळते. उरलेल्या दोन कॉलमांना जीभ नव्हती, तिथे माल फुटला होता.

मग फट कुठून आली, हे शोधायला एक जुना स्टार्टर, म्हणजे कॉलमचं शटर ज्याच्याभोवती आवळतात तो तळाचा काँक्रीटचा ठोकळा, मोजला. कॉलमची आतली पेटी 230, आणि स्टार्टर निघाला 222. दोन्ही बाजूंना चार-चार मि.मी. मोकळं. शिवाय सर्वांत खालचा शिकंजा तळापासून दीड फुटावर होता. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मजला 3 मीटर, बीम 450, स्टार्टर 100, म्हणजे एका दमात 2.45 मीटर काँक्रीट चढतं. ताजं काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो. कॉलम भराभर भरला तर तळाच्या शटरवर चौरस मीटरला जवळजवळ 6 टनांचा रेटा येतो. दोरीने आवळलेली फळी तिथे अर्धा सूत तरी सरकणारच. भरण्याआधी बंद दिसणारी फट भरताना उघडते ती यामुळे.

काम कुठे थांबवायचं

योजना पुन्हा लिहिताना आम्ही सगळ्या घराची लिहिली नाही. फक्त कॉलमची लिहिली, आणि त्यातही काम थांबवायच्या चार जागा ठरवल्या: स्टार्टर झाल्यावर, पिंजरा उभा राहिल्यावर पण शटर बंद व्हायच्या आधी, शटर आवळल्यावर पण मिक्सर सुरू व्हायच्या आधी, आणि शटर उघडल्यावर. प्रत्येक ठिकाणी तक्त्यावर आकडा लिहायचा. टिकमार्क चालणार नाही. "बरोबर" असं कोणीही लिहू शकतो, "43" लिहायला टेप लावावाच लागतो. आकडा नसेल तर पुढचं काम सुरू नाही, आणि कॉलमच्या टप्प्याचं बिल तक्त्याशिवाय निघणार नाही. ठेकेदार दोन दिवस कुरकुरले. पण दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच खिशातून जात होता, म्हणून तयार झाले.

स्टार्टरपासून सुरू करतो, कारण तिथेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बहुतेक साइटवर स्टार्टर उरलेल्या मालाचा, संध्याकाळी, हेल्परच्या हातून होतो. आमचा नियम: स्टार्टरला कॉलमचाच एम 20, उंची 75 ते 100, आणि रुंदी पेटीच्या मापाला, फार तर 2 मि.मी. कमी. दुसऱ्या दिवशी वरची पांढरी साय तारेच्या ब्रशने खरवडून खडीचं डोकं दिसेपर्यंत साफ करायचं. स्टार्टर मापात नसेल तर फोडायचा. शंभर मि.मी.चा स्टार्टर फोडायला अर्धा तास लागतो, वरचा कॉलम दुरुस्त करायला दोन दिवस.

पिंजऱ्यात आम्ही दोनच गोष्टी मोजल्या. एक कव्हर. काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे, म्हणजे आयएस 456 प्रमाणे, अशा कॉलमला 40 मि.मी. कव्हर लागतं, आणि फरक चालतो तो अधिक 10 पर्यंत, उणे काहीच नाही. म्हणजे टेपवर 40 ते 50 दिसलं पाहिजे, 38 दिसलं तर ब्लॉक बदला. ब्लॉक काँक्रीटचे किंवा प्लास्टिकचे, उंचीत मीटरपेक्षा जास्त अंतर नको. फरशीचे तुकडे आणि खडी घुसवणं बंद.

दुसरी गोष्ट, तळाशी सळ्यांमधली मोकळी जागा. हे मोजताना मला स्वतःला धक्का बसला. 230 मधून दोन्हीकडचं कव्हर आणि रिंग वजा केली की 134 उरतात. त्यात 16 च्या दोन सळ्या गेल्या, 102 उरले. पण तळाशी लॅप आहे, खालून आलेली सळई आणि वरची सळई शेजारी शेजारी. लॅपच्या सळ्या आतल्या अंगाला बांधल्या तर आणखी 32 जातात आणि उरतात 70 मि.मी. त्यात रिंगांचे आत वळवलेले हूक. म्हणजे काँक्रीटला सगळ्यात अडचणीची जागा तीच, जिथे माल सर्वांत उंचावरून पडतो आणि जिथून फट स्लरी पळवते. तिथे 60 ची सुई अडकते. 40 ची जाते, पण हूक एकाच कोपऱ्यात रांगेत आले असतील तर तीही अडते. म्हणून फिटरना सांगितलं की हूक आलटून पालटून वेगळ्या कोपऱ्यात घ्या, आणि शटर बंद करण्याआधी बंद असलेली सुई हाताने तळापर्यंत सोडून दाखवा. सुई स्टार्टरला टेकल्याचा आवाज आला पाहिजे. या एका चाचणीने दोन पिंजरे पुन्हा बांधावे लागले.

लॅप कॉलमच्या मधल्या भागात घेणं जास्त बरं, भूकंपाच्या दृष्टीनेही तेच योग्य. पण तो निर्णय डिझायनरचा. साइटवर परस्पर बदलू नका.

शटर आवळल्यावरची तपासणी संध्याकाळी करतो. आत मोबाइलचा टॉर्च दोरीने सोडायचा आणि बाहेरून बघायचं. जिथून उजेड दिसतो तिथून स्लरी येणार. फटीत हॅक्सॉचं पातं जात असेल तर नापास. हे पातं जेमतेम पाऊण मि.मी. जाडीचं असतं, प्रत्येक साइटवर सापडतं आणि त्याच्यासाठी वेगळं उपकरण घ्यावं लागत नाही. स्टार्टरभोवती फोमची पट्टी, पहिला शिकंजा तळापासून 150 मि.मी.च्या आत, त्यानंतरचे खालच्या अर्ध्यात 400 च्या आत. ओळंबा दोन लगतच्या बाजूंना, फरक दोन सूत म्हणजे सहा मि.मी.पर्यंत. आणि तळाशी एका बाजूची छोटी फळी शेवटपर्यंत उघडी. लाकडाचा भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या सगळं त्यातून काढायचं, पाणी मारून धुवायचं, मग फळी बंद. एका कॉलमच्या तळातून आम्ही अख्खी पाण्याची बाटली काढली आहे.

भरतानाचे आकडे

इथे मिस्त्रींशी वाद होतो तो पाण्यावरून. आमच्या मिक्सरवर पाण्याचं माप होतं "दोन बादल्या आणि वर थोडं". बादली मोजली तर 16 लिटरची. म्हणजे पोत्याला 32 लिटर आणि वर थोडं. आयएस 456 च्या एम 20 नॉमिनल मिक्सला 50 किलोच्या पोत्यामागे पाण्याची कमाल मर्यादा 30 लिटर आहे. आम्ही 25 ठरवले. त्यातही वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी वजा करायचं. 1:1.5:3 च्या मिश्रणात पोत्यामागे साधारण 80 किलो क्रश सँड जाते, ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर पाणी वाळूतूनच आलं. त्या दिवशी बादलीतून 21 च द्यायचे. बादलीवर ऑइल पेंटने रेघ मारली आणि प्रश्न मिटला.

पण बादलीवर विसंबून राहू नका, स्लंप घ्या. 300 मि.मी. उंचीचा कोन, तीन थर, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके, कोन सरळ वर उचला आणि ढीग किती बसला ते मोजा. सळ्यांची गर्दी असलेल्या कॉलमला 50 ते 100 ची पट्टी मान्य आहे, आम्ही 75 ते 100 धरली. शंभरच्या वर गेला तर तो घाणा कॉलममध्ये जाणार नाही, प्लिंथच्या पीसीसीला किंवा दुसरीकडे वापरा. पहिल्या घाण्याला स्लंप घ्यायचा, मग दर चार कॉलमनंतर, आणि मिक्सरवरचा माणूस बदलला की लगेच. ही शेवटची अट कोणत्याही कोडमध्ये नाही, अनुभवातून आली आहे.

स्लंप 75 च्या खाली आला तर पाणी ओतण्याचा मोह होतो. त्याऐवजी आधी बघा की मिक्सर दोन मिनिटं फिरला का. घाईच्या दिवशी मिनिटभरात माल बाहेर काढला जातो आणि मग तो कोरडा वाटतो. तरीही घट्टच राहिला, तर प्लॅस्टिसायझर घ्या, कंपनीने पाकिटावर दिलेल्या मात्रेत.

आता उंची. मोकळं पडण्याची मर्यादा आयएस 456 मध्ये 1.5 मीटर दिली आहे. आपला कॉलम 2.45 चा. पाइप सोडावा तर 70 मि.मी.च्या जागेत 20 मि.मी. खडीचा माल नेणारा पाइप बसत नाही. म्हणून आम्ही 450 च्या बाजूच्या शटरला तळापासून 1.2 मीटरवर खिडकी ठेवली. खालचा अर्धा भाग खिडकीतून भरायचा, मग ती फळी लावून, आवळून, वरचा भाग वरून. सुतारांनी सुरुवातीला खूप तोंड वाकडं केलं. पण खिडकीचा दुसरा फायदा असा की खालचा माल दिसतो, त्यामुळे सुई कुठवर गेली हे अंदाजाने सांगावं लागत नाही.

सगळ्यात आधी तळाशी त्याच मिश्रणाचा, पण खडी नसलेला माल, 15 ते 20 मि.मी. जाडीचा. पहिली खडी त्याच्यात रुतते. त्यानंतर थर. थराची उंची 400 च्या आत ठेवायची, पण पेटीच्या आत 400 कोण मोजणार? म्हणून हिशोब घमेल्यावर आणला. 0.23 गुणिले 0.45 गुणिले 0.40 म्हणजे 41 लिटर. आमचं घमेलं पाण्याने मोजलं, भरलं की आठ लिटर. म्हणजे पाच घमेली टाकायची, थांबायचं, सुई मारायची, पुन्हा पाच. घमेलं मोजायला इंजिनिअर लागत नाही. वर परांचीवर उभी असलेली बाईच मोठ्याने मोजायची, "चार… पाच… थांब रे!" तुमचं घमेलं वेगळं असेल, ते आधी पाण्याने मोजून घ्या.

याच हिशोबाने आणखी एक पडताळा मिळतो. कॉलमचं आकारमान 0.25 घनमीटर, एका पोत्याच्या घाण्यातून साधारण 0.125 घनमीटर माल निघतो, म्हणजे कॉलमला दोन पोती. एखाद्या कॉलमला पावणेदोन पोत्यांतच "भरला" असं कोणी म्हणालं, तर आत कुठेतरी पोकळी आहे. शटर उघडण्याची वाट न बघता तिथल्या तिथे सुई पुन्हा घाला.

सुईच्या नळीवर दर 400 मि.मी.वर लाल चिकटपट्टी लावली. पहिला घमेला पडण्याआधी सुई तळाशी असली पाहिजे. प्रत्येक थराला 10 ते 15 सेकंद, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि खालच्या थरात 100 मि.मी. तरी शिरली पाहिजे. बाहेर काढायची ती सावकाश. झटक्यात ओढली तर तिच्याच जागी भोक राहतं. सळईला सुई लावून "सगळं हलवतो" म्हणणाऱ्याच्या हातून ती काढून घ्या.

पहिल्या मजल्याच्या कॉलमसाठी दारावर चिकटवलेला तक्ता असा होता:

| काय | कशाने | मर्यादा | कोण लिहील |
|---|---|---|---|
| स्टार्टरची रुंदी | टेप | 228 ते 230 | मिस्त्री |
| कव्हर, चार बाजू, वर-खाली | टेप | 40 ते 50 | फिटर, मग मी |
| सुई तळाला टेकते | बंद सुई | हो, आवाजासह | फिटर |
| शटरची फट | टॉर्च, हॅक्सॉ पातं | पातं जाऊ नये | घरमालक |
| स्लंप | कोन | 75 ते 100 | मी |
| थर | घमेली | 5 ला थांबणे | परांचीवरची व्यक्ती |
| पोती | मोजून | कॉलमला 2 | मिक्सरवाला |
| उघडल्यावर खोली | सळईचा तुकडा, टेप | खाली पाहा | मी, फोटोसह |

क्यूबचं काम थोडक्यात. 12 कॉलम म्हणजे सुमारे 3 घनमीटर, आणि 1 ते 5 घनमीटरला आयएस 456 एक नमुना मागतो, म्हणजे तीन क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा म्हणून आम्ही सहा भरले, आणि कॉलम दोन दिवसांत होणार असल्याने दोन्ही दिवशी वेगळे.

उघडल्यावर

उभं शटर 16 ते 24 तासांनी निघतं. हनीकोंब आहे की नाही हे डोळ्याला दिसतं, पण कधी वरची साय शाबूत असते आणि आत पोकळ असतं. लहान हातोडीने तळापासून वर ठोकत जा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद. मग पोकळीत सळईचा पातळ तुकडा घालून खोली मोजा.

आम्ही तीन प्रकार ठरवले. खोली 5 मि.मी.च्या आत, नुसते खड्डे, तर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने बुजवणं. पाचच्या वर पण सळई किंवा रिंग दिसत नाही, तर सैल भाग छिन्नीने भरीव काँक्रीट लागेपर्यंत काढायचा, कडा चौकोनी कापायच्या, धुवायचं, आणि ओलसर पण पाणी न साचलेल्या पृष्ठभागावर दुरुस्तीचं मॉर्टर भरायचं. रिंग दिसली, किंवा कव्हरच्या आत पोकळी गेली, तर मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. डिझायनरला फोटो आणि मापं पाठवायची. त्यांनी सांगितलं तर सळईच्या मागे 20-25 मि.मी. मोकळं करून, चोचीसारखं तोंड ठेवलेलं शटर लावून, न आकसणारं मायक्रो-काँक्रीट ओतलं जातं. बाहेर राहिलेली चोच दुसऱ्या दिवशी कापतात. कोरडं सिमेंट शिंपडून पाणी मारणं ही दुरुस्ती नाही. वरचा स्लॅब पडायच्या आधी हे सगळं करा, तेव्हा कॉलमवर काहीच भार नसतो.

पहिल्या मजल्याचे 12 कॉलम उघडले तेव्हा 11 स्वच्छ होते. 7 नंबर फसला, मधल्या उंचीवर आडवा पट्टा, खोली 12 मि.मी. तक्ता काढला. पाचाच्या हिशोबाने तीन थर बरोबर, चौथ्या थरासमोर घमेल्यांचा आकडा 9, आणि शेजारी मिस्त्रींच्या अक्षरात "सुई बंद पडली". पेट्रोल संपलं होतं. ते आणायला माणूस मोटारसायकलवर गेला, इकडे माल वाळत होता म्हणून टाकून दिला. मिस्त्रींनी लपवलं नाही, लिहून ठेवलं, याचं मला जास्त बरं वाटलं. त्यानंतर तक्त्यात एक ओळ वाढली: दुसरी सुई चालू स्थितीत साइटवर असल्याशिवाय मिक्सर सुरू नाही. भाड्याने मिळते.

ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे आणि आत्ता प्लास्टर काढताना तळाला पोकळी सापडली आहे, त्यांनी क्रम बदलायचा. आधी त्या कॉलमवर येणाऱ्या बीमखाली, कॉलमच्या दोन्ही अंगांना, डिझायनर सांगतील तसे प्रॉप लावून आवळा. प्रॉप खाली भरीव जमिनीवर किंवा खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत टेकलेले हवेत. त्यानंतरच छिन्नी लावायची, आणि एका वेळी एकाच कॉलमला.